माऊच्या गॅलरीतल्या दोघी

माऊच्या फोनमध्ये अकरा हजारांवर फोटो होते आणि त्यातली मुलं बहुतेक सगळी दुसऱ्यांची होती.

तिचा धंदाच तसा. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती पाळणाघर चालवायची. एका वेळी पाच मुलं, सहावं कुणी कितीही हातापाया पडलं तरी नाही. सकाळी आठला आया येऊन पोरं टाकून जायच्या. 'टाकून' हा माऊचाच शब्द, पण तो ती आयांसमोर कधी वापरत नसे. आणि मग दुपारपर्यंत त्या आया ऑफिसात बसून जीव टांगणीला लावून घ्यायच्या. त्यावर माऊने एक तोडगा काढला होता. दिवसातून तीन वेळा प्रत्येक पोराचा फोटो काढून ज्याच्या त्याच्या आईला पाठवायचा. खाली एकदोनच शब्द. 'जेवली.' 'झोपला.' 'शी झाली.' एकदा घाईत एका बापाला भलत्याच पोराची बातमी गेली आणि तो गृहस्थ मीटिंग सोडून धावत आला, तेव्हापासून ती पाठवण्याआधी दोनदा बघायची.

खरं नाव तिचं कुणाला माहीत नव्हतं. कुठल्याशा पोराला 'मावशी' म्हणता येईना, ते 'माऊ' म्हणालं आणि तेच चिकटलं. पोरांच्या आया माऊ म्हणत, बाप माऊ म्हणत, खालचा दूधवालाही माऊ म्हणे. शेचाळिसाव्या वर्षी बाईने माऊ म्हणवून घ्यावं का, असा प्रश्न तिला पडत नसे. स्वभाव मात्र नावासारखा मुळीच नव्हता. बाई मानी आणि नाकावर राग. एका आईने एकदा "भात नीट शिजवता ना?" एवढं विचारलं, तर दुसऱ्या दिवशी माऊने त्या भाताचा व्हिडिओ काढून पाठवला, बोटाने शीत चेपून दाखवलेला.

त्या अकरा हजारांत सतरा फोटो तिच्या स्वतःच्या मुलीचे होते.

मुलगी चार वर्षं आणि तीन महिन्यांची होऊन गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि तिथून ती घरी आली नाही. त्याला आता बारा वर्षं होऊन गेली होती. नवरा पुढे दोन वर्षांत दुसऱ्या गावी गेला, तिथे त्याने दुसरा संसार मांडला. माऊ त्याला नावं ठेवत नसे. घरात एकमेकांकडे बघितलं की दोघांनाही तिसरीच दिसायची, असं कोण किती दिवस सहन करणार. फोटो म्हणावे तर तेव्हा यांच्याकडे साधे बटणांचे फोन. फोटोचा फोन एकट्या भावाकडे. तो ड्रायव्हर, वर्षातून तीनचारदा यायचा आणि भाचीचे फोटो काढायचा. पुढे त्याचा फोन मोडला, तरी त्यातलं कार्ड त्याने जपून ठेवलं होतं. तीन वर्षांपूर्वी ते कार्ड एकदाच, शेवटचं चाललं. तेवढ्या वेळात त्याने सतरा फोटो बहिणीला चॅटवर पाठवले. मग कार्ड गेलं, पुढे त्याचा तोही फोन बदलला. तेव्हा त्या मुलीचं या जगात जे काही उरलं होतं, ते हे सतरा फोटो. रोज सकाळी आठच्या आधी चहा घेताना माऊ ते एकदा बघायची आणि मग दार उघडून बाकीच्यांची मुलं आत घ्यायची.

आता ठकीचं सांगतो.

ठकी सहा महिन्यांची असताना माऊकडे आली. आई प्रयोगशाळेत कामाला, बाप कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर. दोघंही सरळ माणसं. ठकी मात्र पहिल्या दिवसापासून आगाऊ. रांगायला लागली ती पाळणाघराच्या दाराकडे, बोलायला लागली ती "नाही" असं. गालावर खळी एकच, डाव्या बाजूला. भुवया जाड, जोडलेल्या, आणि रागावली की त्या अशा वर जायच्या की माऊच्या छातीत धस्स व्हायचं, कारण तिच्या मुलीच्याही तशाच जायच्या. तसं दोघींत फार साम्य नव्हतं. रंग वेगळा, केस वेगळे. पण भुवया आणि कपाळ घेतलं तर विचारायची सोय नाही. माऊने हे कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला मुलगी होती हेच मुळी इथे कुणाला ठाऊक नव्हतं. मुलं सांभाळणाऱ्या बाईचं स्वतःचं मूल गेलंय, हे आयांना कशाला कळायला हवं? उगाच त्यांच्या मनात काहीबाही येणार. म्हणून विचारलं की ती म्हणायची, "मला नाही मूलबाळ," आणि विषय भाताकडे वळवायची.

फोनची गॅलरी आपणहून चेहरे ओळखते. ज्याचे फोटो जास्त, त्याचा एक गोल तयार होतो, त्यावर बोट ठेवलं की त्या एकाचे सगळे फोटो समोर. माऊच्या फोनमध्ये असे पुष्कळ गोल होते आणि ठकीचा सगळ्यांत पहिला. एके दिवशी दुपारी पोरं झोपलेली, माऊ भिंतीला टेकून फोन बघत होती, तर गॅलरीने तिला एक प्रश्न विचारला. दोन चेहरे शेजारी शेजारी. डावीकडे ठकी. उजवीकडे तिची मुलगी. खाली लिहिलेलं, 'ही व्यक्ती एकच आहे की वेगळी?'

माऊ किती वेळ बघत बसली ते तिलाच माहीत. यंत्राला काय कळतंय, हे तिला समजत होतं. ते भुवया मोजतं आणि विचारतं. तरी पण बारा वर्षांत तिच्या मुलीबद्दल तिला कुणी काही विचारलेलं नव्हतं, आणि हा पहिला प्रश्न असा आला. पलीकडे चटईवर ठकी पालथी झोपली होती, तोंड उघडं. माऊने आधी तिच्याकडे बघितलं आणि मग 'एकच' वर बोट टेकवलं.

ती चूक नव्हती. चूक नजर चुकली की होते. हिने नीट बघून केलं. त्या दिवसापासून ते सतरा फोटो ठकीच्या गोलात गेले, आणि चॅटवरून आलेल्या फोटोंना फोन आल्या दिवसाची तारीख लावतो, त्यामुळे ते अगदी मधोमध, ठकी दीड वर्षाची होती तिथे, जाऊन बसले. सकाळी चहाच्या वेळी माऊ तो गोल उघडायची आणि खाली सरकत सरकत ठकी लहान होत जायची, मग मध्येच तिची मुलगी यायची, मग परत ठकी. एवढं सुख तिने स्वतःला लावून घेतलं होतं. कुणाचं त्यात काही जात नव्हतं.

मग ठकीच्या बापाला दुसऱ्या देशात काम मिळालं. दोन महिन्यांत जायचं ठरलं. ठकी तेव्हा साडेचार वर्षांची. माऊच्या मुलीला जेवढं आयुष्य मिळालं, त्यापुढे ठकी तीन महिने निघून गेली होती, आणि त्या एकेका दिवसाचं माऊला मनातल्या मनात कौतुक वाटायचं आणि मग स्वतःचाच राग यायचा.

"माऊ, तिला आठवेल का गं तू?" ठकीच्या आईने एकदा दारातच विचारलं. बिचारीने सहज विचारलं होतं.

"चार वर्षांच्या पोराला काय आठवतंय," माऊ म्हणाली. "वर्षभरात विसरेल. तसंच असतं ते."

म्हणाली खरं, पण तिला ते लागलं. तिने ठरवलं की ठकीचा एक व्हिडिओ करून द्यायचा. गाण्यासकट. आईच्या फोनमध्ये राहील, पोरगी अधूनमधून बघेल, निदान तोंडओळख राहील.

गॅलरीत 'आठवणी' म्हणून जागा असते, तिथे फोन स्वतःच कसकसले फोटो जुळवून व्हिडिओ दाखवत असतो. माऊला ते पसंत नव्हतं. फोनने एकदा 'या महिन्यातले खास क्षण' म्हणून सगळी 'शी झाली' चीच चित्रं लावली होती. म्हणून तिने स्वतः करायला घेतलं. ठकीचा गोल उघडला, व्हिडिओ बनवा म्हटलं आणि एकेक फोटो निवडत गेली. साठ झाले. मग संगीत. फोनने तीन प्रकार पुढे ठेवले, आनंदी, शांत, जोशपूर्ण. आधी तिने जोशपूर्ण लावून बघितलं, तर ठकी इंजेक्शनच्या दिवशी भोकाड पसरून बसलेली आणि मागे ढोलकी धडाधड. माऊ एकटीच पोट धरून हसली. मग शांत लावलं. पियानोचे थोडे थोडे सूर, शब्द नाहीत. साठ फोटो फार होत होते. वीस काढले, चाळीस ठेवले. एकेक फोटो अडीच सेकंद, सगळा मिळून दीड मिनिटाच्या वर थोडा.

या चाळिसात चार फोटो तिच्या मुलीचे होते.

पहिल्यांदा निवडताना ओघात गेले असतील, असं आपण म्हणू. पण मग वीस काढताना तिने ठकीचे चांगले चांगले फोटो काढले आणि हे चार ठेवले. एकात लाल ठिपक्यांचा फ्रॉक. एकात पडदा धरून उभी. एकात डोळे मिटून हसतेय. एकात पायऱ्यांवर बसलीय, शेजारी माऊ होती, पण जुना फोटो आडवा आणि व्हिडिओ उभा, त्यामुळे फोनने दोन्ही बाजू कापल्या आणि माऊचा नुसता हात राहिला, मनगटापर्यंत. तिला तेही चाललं.

व्हिडिओ तिने गॅलरीत जतन केला आणि ठकीच्या आईला पाठवला. संध्याकाळी ती ठकीला न्यायला आली ती डोळे पुसतच.

"काय गं हे, माऊ. मी प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर रडले."

दोघी दारात उभ्या राहून तो पुन्हा बघायला लागल्या. लाल ठिपक्यांचा फ्रॉक आला आणि आई थांबली. 

"हा फ्रॉक कुणी दिला होता गं? मला आठवतच नाही."

"मीच आणला होता," माऊ म्हणाली. ते खरंच होतं.

"केवढीशी दिसतेय बघ ना," ठकीची आई म्हणाली, आणि तिने पडद्यावर बोटाने त्या मुलीचा गाल कुरवाळला.

प्रत्यक्ष ठकीच्या आईने जिला आपली म्हटलं, तिला अजून कुणाची साक्ष हवी? माऊ त्या दिवशी दार लावून आत आली आणि भांडी घासता घासता गुणगुणत होती. इतक्या वर्षांत तिची मुलगी कुणा दुसऱ्या बाईने बघितली आणि तिचा लाड केला. त्या आनंदात तिने जे करायला नको ते केलं. तो व्हिडिओ तिने स्टेटसला लावला.

त्यात एक फोटो ठकी टबात बसलेली होता. अंगावर फेस, बाकी काही नाही. माऊच्या मनात त्यात वावगं असं काही आलं नाही, तिच्याकडे रोज पाच पोरं नागवी धावतात. पण तिच्या फोनमध्ये जुन्या नव्या मिळून शंभर आईबाप होते, शिवाय दूधवाला, गॅसवाला, वायरमन. एका आईने ठकीच्या आईला कळवलं, तिने नवऱ्याला सांगितलं, आणि शनिवारी सकाळी दोघंही आले. ठकीला आणलं नव्हतं.

बाप भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, माऊला भांडता येतं. तो शांतपणे बोलला.

"माऊ, तुमच्या मनात काही नव्हतं ते आम्हाला माहितीय. पण मुलीचा असा फोटो इतक्या लोकांसमोर..."

"चुकलं माझं. आत्ता काढते." तिने स्टेटस तिथल्या तिथे काढलं.

"आणखी एक होतं. राग मानू नका. आम्ही आता जातोच आहोत. तर तिचे जे फोटो तुमच्या फोनमध्ये आहेत, ते तेवढे काढून टाकाल का? फोन हरवतो, कुणाच्या हाती जातो. आम्हाला तिकडे निर्धास्त वाटेल."

ठकीची आई जमिनीकडे बघत होती. "सगळे नको हो," ती हळूच म्हणाली. "दोनचार राहू देत तिच्याकडे."

पण माऊच्या नाकावरचा राग तोपर्यंत डोक्यात गेला होता. चार वर्षं हिच्या मांडीवर जी पोरगी झोपली, तिचे फोटो हिच्याकडे असले तर यांना झोप लागणार नाही!

"दोनचार कशाला? मला काय करायचेत दुसऱ्यांच्या पोरीचे फोटो?" ती म्हणाली. "हे घ्या. तुमच्यासमोर काढते. कसे काढायचे सांगा."

"असू दे, नंतर सवडीने..."

"आत्ताच."

बापाने सांगितलं. ठकीच्या गोलावर बोट ठेवा. सगळे निवडा. फोनने आकडा दाखवला, एक हजार एकशे त्रेचाळीस. पाठवलेला व्हिडिओही त्यातच होता. काढून टाकायचे? माऊने हो म्हटलं. एका क्षणात तो गोल रिकामा झाला आणि मग गोलच दिसेनासा झाला.

"ते तीस दिवस कचरापेटीत राहतात, मग आपोआप जातात," बाप म्हणाला. "राहू द्या आता."

"राहू कशाला देऊ? उद्या म्हणाल माऊने पेटीतून काढून घेतले." तिने कचरापेटी उघडली आणि ती रिकामी केली. फोनने बजावलं की हे परत मिळणार नाहीत. तिने त्यालाही हो म्हटलं. मग ठकीच्या आईबरोबरचं चॅटही साफ केलं, त्यातल्या फोटो व्हिडिओंसकट. "झालं समाधान?" असं विचारून ती उठली आणि त्यांना पाणीसुद्धा न विचारता दार उघडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. चहा घेऊन ती भिंतीला टेकून बसली, गॅलरी उघडली आणि ठकीचा गोल शोधायला लागली. अरे, काल काढला नाही का, असं स्वतःशी म्हणाली. मग चहाचा कप तिने खाली ठेवला.

आधी तिला वाटलं आपले वेगळे असतील. वेगळे कसे असतील? तिनेच सांगितलं होतं एकच म्हणून. तिने अकरा हजारांतले उरलेले दहा हजार फोटो एकेक करून खालपर्यंत बघितले. दुपार झाली. जेवणारी, झोपणारी, रडणारी, नाक वाहणारी पोरं. एकही तिचं नाही. मग तिला भावाचं चॅट आठवलं. तिथे सतराच्या सतरा चौकोन होते, पण धुरकट, काही म्हणता काही दिसत नव्हतं असे. बोट ठेवलं की फोन म्हणायचा, ही फाईल फोनमध्ये नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. भावाला फोन केला. तो गाडी बाजूला घेऊन बोलला. "ताई, माझ्याकडे कुठून असणार गं आता? कार्ड तर तेव्हाच..."

सोमवारी तिने आयुष्यात पहिल्यांदा पाळणाघर बंद ठेवलं आणि मोबाईलवाल्याकडे गेली. दुकान म्हणजे एका माणसाला उभं राहता येईल एवढं. त्याने फोन घेतला, इकडेतिकडे बघितलं.

"बॅकअप?"

"जागा भरली म्हणत होता, म्हणून मीच बंद केला."

"कचरापेटी?"

"मीच रिकामी केली."

"काही लोक सांगतील आणून देतो म्हणून. मी खोटं नाही सांगणार, काकू. या फोनमधून एकदा पुसलं की परत येत नाही. महत्त्वाचे होते का?"

माऊने मान हलवली. तिला रडताना बघून त्याने मागच्या गिऱ्हाइकाला हाताने थांबवलं आणि स्टूल पुढे केलं. "कुणाला पाठवले होते का कधी? आठवा. एखादा जरी असला तरी."

एखादा नव्हे, चार होते. पण ते कुठे होते हे आठवल्यावर माऊला जास्तच रडू आलं.

ठकीची मंडळी पुढच्या आठवड्यात निघून गेली. जाताना आई एकटी येऊन भेटली, पण माऊने दार अर्धंच उघडलं. मानी माणसाला मागायचं कसं ते येत नाही. आणखी दहा दिवस ती मेसेज लिहायची आणि पुसायची. शेवटी लिहिला, 'तो व्हिडिओ परत पाठवाल का?' पलीकडून उत्तर आलं, 'ह्यांच्याशी बोलून सांगते हं.' मग दोन दिवस काहीच नाही. ती बोलली असेल, तो नको म्हणाला असेल, असं माऊ धरून चालली. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरं झोपल्यावर तिने सरळ फोन लावला.

"त्यातले चार फोटो ठकीचे नाहीत," ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"म्हणजे?"

"माझ्या मुलीचे आहेत. होती मला मुलगी. चार वर्षांची होऊन गेली. तुमच्या ठकीची आणि तिची भुवई सारखी, फोनला एकच वाटल्या, मीही हो म्हटलं. त्या दिवशी तुमच्यासमोर पुसले त्यात तिचेही गेले. माझ्याकडे आता एकही नाही."



"तो ठिपक्यांचा फ्रॉक?"

"हो."

"माऊ," ती बाई रडत म्हणाली, "मी तिच्या गालावरून हात फिरवला होता गं."

"म्हणूनच तर काही बोलले नाही मी," माऊ म्हणाली.

पाच मिनिटांत व्हिडिओ आला. पाठवताना फोन व्हिडिओ बारीक करतो आणि हा तर दोनदा गेला आलेला. मूळचेच जुने फोटो, त्यात आणखी धूसर झालेले. माऊने तो अडीच अडीच सेकंदांना थांबवला आणि पडद्याचे फोटो काढले. चार. पडद्यावाला फोटो थांबवायला गेलं की तोवर पुढचा अर्धा वर चढून यायचा, तो सातव्या खेपेला जमला. बाकीच्या तेरांचं काय, ते तिने वहीच्या पाठच्या पानावर लिहून ठेवायचं ठरवलं. 'बादलीपाशी.' 'मामाच्या खांद्यावर.' 'रुसलेली.' नवापर्यंत आली आणि पुढचे चार काही केल्या आठवेनात. बारा वर्षांत तिला एवढं एकटं कधी वाटलं नव्हतं. पोरं उठली तेव्हा तिचा पदर भिजलेला होता आणि सगळ्यांत लहान पोराने तो ओढून विचारलं, "माऊ, शी झाली?"

रविवारी ठकीच्या आईने व्हिडिओ कॉल लावला. नंतर समजलं की त्या घरी ठकी तो व्हिडिओ रोज लावून बघते, त्याशिवाय दूध पीत नाही. आईने तिला अजून काही सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं हे तिला कळत नव्हतं, आणि माऊला विचारल्याशिवाय सांगावं की नाही हेही. माऊकडे त्या दिवशी सुट्टी असूनही दोन पोरं होती, त्यांच्या आईची परीक्षा होती.

ठकी पडद्यावर आली ती नाकच दाखवत. "माऊ, मी माझा पिच्चर बघते. रोज." तिने बापाच्या फोनवर तो लावला आणि तो फोन आईच्या फोनसमोर धरला. "ही बघ मी, टबात. ही मी, झोपलेली. ही बघ मी, पडदा धरलाय."

"अगं ठके..." मागून आई पटकन म्हणाली आणि थांबली.

माऊला गप्प बसता आलं असतं. ठकी मोठी झाली असती, कुणाला दाखवताना तिने त्या मुलीला 'ही मी' म्हटलं असतं, आणि ती मुलगी तिकडे परदेशात ठकी होऊन वाढली असती. दोन महिन्यांपूर्वी माऊला यापेक्षा जास्त काही नको होतं.

"ती तू नाहीस, राणी," माऊ म्हणाली.

"मीच आहे."

"नाही. ती वेगळी आहे. ती माझी मुलगी."

ठकीच्या भुवया वर गेल्या. तिने बापाचा फोन स्वतःकडे वळवून नीट बघितलं. "तुझी? मग ती आपल्याकडे खेळायला का नव्हती येत?"

"ती तुझ्या आधी होती. मग ताप आला आणि देवाघरी गेली."

ठकीने यावर थोडा विचार केला. बापाच्या फोनवर पुढचे फोटो येऊन जात होते, मागे पियानो वाजत होता. "तिचं नाव काय?"

बारा वर्षांत हे नाव माऊने मोठ्याने उच्चारलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. तिने ते सांगितलं, पण आवाज फुटला नाही आणि लाईनही अडखळत होती.

"ऐकू नाही आलं," ठकी ओरडली. "परत सांग!"

"चिऊ," माऊ म्हणाली. खोलीतली दोन्ही पोरं खेळ टाकून तिच्याकडे बघायला लागली.

"काय? मोठ्याने सांग ना, माऊ!"

माऊने फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला आणि आपल्या मुलीचं नाव जमेल तेवढ्या मोठ्याने घेतलं.